आडात आहे, पण पोहऱ्यात येत नाही

बारावीच्या भौतिकशास्त्राचा पेपर सुटला की परीक्षा केंद्राच्या जिन्यात एक वाक्य हमखास कानावर पडतं: "सगळं येत होतं, पण आत गेल्यावर ब्लँक झालो." शिक्षकांच्या मनात लगेच शंका येते, की अभ्यासच झाला नसेल. घरी आई-वडील म्हणतात, "एवढं टेन्शन कशाला घेतोस?" दोन्हींमधून त्या मुलाच्या हाती काहीच लागत नाही. कारण ‘ब्लँक झालो’ असं मुलं म्हणतात तेव्हा त्यामागे तीन निरनिराळ्या गोष्टी असू शकतात, आणि तिन्हींवरचा उपाय वेगळा आहे.

नेमकं काय झालं ते ओळखायला एक प्रश्न पुरतो: ते उत्तर नंतर आठवलं का, आणि कशामुळे आठवलं? समजा, मुलगा पेपर देऊन एसटीत बसला आणि पुस्तक न उघडता, कुणाला न विचारता, उत्तर आपोआप डोळ्यांपुढे आलं. म्हणजे ते डोक्यात पक्कं होतं, ताणाने तेवढ्यापुरतं अडवून धरलं होतं. समजा, मित्राने पहिली ओळ म्हटली आणि पुढचं सगळं याला धडाधड आठवलं. म्हणजे उत्तर होतं, पण सुरुवात कुठून करायची ते पक्कं नव्हतं. आणि समजा, पुस्तकात पूर्ण उत्तर पाहिल्यावर "हो, हे वाचलं होतं" एवढंच वाटलं, तर ती नुसती ओळख होती. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, ही म्हण या तिसऱ्या प्रकाराला लागू पडते. तिथे श्वासाचे व्यायाम, ध्यान, देवाचा अंगारा यातलं काहीही केलं तरी गुण वाढत नाहीत, तो धडा पुन्हा करावा लागतो. पहिल्या दोन प्रकारांत मात्र आडात पाणी असतं आणि पोहरा रिकामा येतो. ज्याला परीक्षेची भीती बसली आहे, त्याने सुरुवात याच वर्गवारीपासून करावी.

माझ्या वर्गातल्या एका मुलीचं उदाहरण सांगतो. फळ्यापाशी बोलावलं की ती खडू घेऊन पूर्ण सिद्धता मांडून दाखवायची. पण पूर्वपरीक्षेत तिला ७० पैकी २९ गुण पडले. उत्तरपत्रिका चाळताना दिसलं, की चार गुणांच्या दोन प्रश्नांत अर्धवट आकृती काढून तिने ती खोडली होती, आणि दोन गुणांचे प्रश्न आठ सोडवायचे असताना पाचच लिहिले होते. आम्ही प्रश्नपत्रिका समोर घेऊन बसलो आणि सुटलेल्या प्रत्येक प्रश्नाला वरचा प्रश्न लावला. तिची समजूत होती की सगळं भीतीमुळे गेलं. प्रत्यक्षात ‘घरी जाताना आपोआप आठवलं’ असे प्रश्न थोडेच निघाले. ‘पहिली ओळ कळल्यावर आठवलं’ असे सर्वांत जास्त होते. काही तर नुसते ओळखीचे होते. ते पाहून ती जरा गप्प झाली आणि मग म्हणाली, "सर, म्हणजे हे सुधारता येईल." बरोबरच होतं तिचं. ‘मी घाबरट आहे’ या समजुतीवर काही करता येत नाही. ‘कॉनिकल पेंड्युलमची सुरुवात मला आठवत नाही’ यावर मात्र आज संध्याकाळीच काम सुरू करता येतं.

आता ताणात डोकं रिकामं का होतं ते पाहू. धोका जाणवला की शरीर दोन टप्प्यांत तयारी करतं. पहिल्या काही सेकंदांत अ‍ॅड्रेनॅलिन वाढतं. छाती धडधडते, तळहात घामेजतात, तोंड कोरडं पडतं. दुसरा टप्पा सावकाश येतो. त्यात कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक रक्तात चढतं आणि ताण सुरू झाल्यापासून साधारण वीस ते तीस मिनिटांनी सर्वांत जास्त असतं. कॉर्टिसॉल चढलेलं असताना साठवलेली माहिती बाहेर काढणं अवघड होतं, हे १९९८ पासूनच्या प्रयोगांत आधी उंदरांमध्ये आणि मग माणसांमध्ये दिसून आलं आहे. उंदरांच्या प्रयोगातली एक बाब विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावी अशी आहे. चाचणीच्या अर्धा तास आधी ताण दिला तेव्हा आठवण बिघडली, अगदी दोन मिनिटं आधी दिला तेव्हा बिघडली नाही. म्हणजे अकराच्या पेपरला डोकं रिकामं होण्याची तयारी साडेदहाला फाटकापाशी होत असते, जेव्हा कुणीतरी विचारतं, "अरे, तो सेमीकंडक्टरचा धडा केलास ना? हमखास येणार म्हणतात."

याच्या जोडीला काळजीही जागा अडवते. हिशोब करताना, वाक्य जुळवताना आपण एका वेळी फार थोड्या गोष्टी मनात धरू शकतो. त्या तुटपुंज्या जागेत ‘नापास झालो तर?’, ‘बाबा काय म्हणतील?’, ‘शेजारचा पुरवणी मागतोय’ हे विचार शिरले की गणिताला जागा उरत नाही. मानसशास्त्रज्ञ परीक्षेच्या भीतीचे दोन भाग करतात: शरीराची धडधड आणि मनातली काळजी. गुणांवर जास्त वाईट परिणाम होतो तो काळजीचा. धडधड असूनही चांगला पेपर लिहिणारी मुलं पुष्कळ आहेत.

या सगळ्यावर सर्वांत भरवशाचा उपाय परीक्षेच्या दिवशी करायचा नसतो, तो आधीच्या सहा-आठ आठवड्यांत करायचा असतो. पुन्हा पुन्हा वाचण्याऐवजी पुस्तक मिटून आठवायचं. अमेरिकेतल्या हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना दोन उतारे दिले. एक उतारा त्यांनी पुन्हा वाचला, दुसरा न बघता आठवेल तेवढा लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचलेला उतारा किंचित जास्त आठवला. आठवड्याने चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचलेल्या उताऱ्यातला ४२ टक्के मजकूर आठवला आणि आठवून लिहिलेल्यातला ५६ टक्के. रात्री वाचून झोपताना ‘झालं सगळं’ असं वाटतं आणि पेपरात मात्र येत नाही, त्याचा उलगडा इथे होतो. वाचताना ओळ समोर असते, त्यामुळे ती सोपी वाटते. तो सोपेपणा आपण आपल्या तयारीच्या खात्यात जमा करतो.

भीतीच्या दृष्टीने याहून मोलाचा प्रयोग टफ्ट्स विद्यापीठातल्या एमी स्मिथ आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. लोकांनी शब्द आणि चित्रं लक्षात ठेवली, काहींनी पुन्हा बघून, काहींनी आठवून. दुसऱ्या दिवशी निम्म्या लोकांना परीक्षकांपुढे उभं करून आयत्या वेळी भाषण द्यायला आणि तोंडी गणितं करायला लावली, म्हणजे चांगलाच ताण दिला. जवळपास पंचवीस मिनिटांनी, कॉर्टिसॉल चढलेलं असताना चाचणी घेतली. बघून पाठ करणाऱ्यांची आठवण ताणामुळे घसरली. आठवून पाठ करणाऱ्यांची घसरली नाही. हे प्रयोग शब्दांच्या यादीवर झाले आहेत, भौतिकशास्त्राच्या सत्तर गुणांच्या पेपरवर नाही, एवढं भान ठेवायला हवं. तरी वर्गात मी जे पाहत आलो, त्याच्याशी ते जुळतं. न बघता लिहायची सवय असलेली मुलं घाबरतात, पण लिहीत राहतात.

कोऱ्या कागदाची ही पद्धत कशी वापरायची ते त्या मुलीच्या कॉनिकल पेंड्युलमवरूनच सांगतो. दोरीला बांधलेला गोळा आडव्या वर्तुळात फिरतो आहे आणि त्याचा आवर्तकाल काढायचा आहे. सिद्धता एकदा समजून वाचली. पुस्तक मिटलं, कोरा कागद घेतला आणि घड्याळ न लावता लिहायला बसली. पहिल्याच ओळीला अडली. अशा वेळी हात आपोआप पुस्तकाकडे जातो. तिथेच मिनिट-दोन मिनिटं थांबायचं आणि शोधत राहायचं, कारण हे शोधणं हाच खरा सराव आहे. तरीही नाही आलं तर पुस्तकातली फक्त पुढची एक ओळ बघायची, पुन्हा मिटायचं आणि पुढे लिहायचं. शेवटी जिथे जिथे अडलो तिथे लाल पेनाने खूण करायची. तोच कागद एक दिवस सोडून पुन्हा, मग आठवड्याने पुन्हा, दर वेळी कोऱ्यावरून. थोडं विसरल्यावर आठवावं लागतं तेव्हाच ते पक्कं होतं. एकाच रात्री सलग पाच वेळा लिहून तेवढा उपयोग होत नाही.

दोन-तीन वेळा असं केल्यावर तिच्या लक्षात आलं, की लाल खुणा बहुतेक सगळ्या उत्तरांच्या सुरुवातीला आहेत. मधल्या ओळी एकमेकींना ओढून आणतात. अडतं ते पहिल्या पायरीवर. म्हणून आम्ही प्रत्येक प्रकरणासाठी एक छोटं कार्ड केलं. त्यावर उत्तर लिहायचं नाही, फक्त ‘हात कुठून सुरू करायचा’ ते लिहायचं. कॉनिकल पेंड्युलमपुढे लिहिलं होतं: ‘आकृती, दोनच बलं: वजन खाली, ताण दोरीतून.’ बस. आकृती काढली की ताणाचे दोन घटक करणं सुचतं. उभा घटक वजनाला तोलतो, आडवा घटक गोल फिरायला लागणारं केंद्रगामी बल पुरवतो. दोन समीकरणांचा भागाकार केला की ताण आणि वस्तुमान दोन्ही निघून जातात. त्रिज्येच्या जागी दोरीची लांबी आणि कोनाची साइन घातली की T = 2π√(L cos θ / g) हातात येतं. यात पाठांतर फक्त पहिल्या कृतीचं आहे, आणि घाबरलेल्या डोक्यालाही आकृती काढणं जमतं. जीवशास्त्रात ही पहिली कृती म्हणजे नामनिर्देशित आकृती असेल, इतिहासात चार मुद्द्यांचा सांगाडा, लेखाशास्त्रात खात्याचा रकाना आखणं. प्रत्येक विषयाची आपापली असते आणि ती विद्यार्थ्याने स्वतः शोधलेली बरी. बाजारातल्या गाइडमधून उतरवलेलं कार्ड ऐनवेळी परकं वाटतं.

हे सगळं घरात, आपल्या टेबलाशी, शांतपणे जमू लागलं म्हणजे काम निम्मं झालं. पुढचं निम्मं म्हणजे सरावात परीक्षेसारखी परिस्थिती थोडी थोडी आणणं. भीतीवर उपचार करणारे लोकही असंच करतात: ज्याची भीती आहे ते पायरीपायरीने जवळ आणायचं, आणि प्रत्येक पायरीवर भीती ओसरेपर्यंत तिथेच थांबायचं. तिने आधी एकच विभाग घड्याळ लावून सोडवला. तीन तासांत सत्तर गुण, म्हणजे गुणामागे अडीच मिनिटं. तीन गुणांचा प्रश्न साडेसात मिनिटांत व्हायला हवा. मग रविवारी सकाळी बरोबर अकरा वाजता पूर्ण पेपर, मध्ये न उठता, पाण्याची बाटली, लॉगटेबल आणि मनगटी घड्याळ एवढंच घेऊन. मग तोच प्रकार घराबाहेर, गावच्या वाचनालयात, अनोळखी लोकांत. शेवटी महाविद्यालयाच्या रिकाम्या वर्गात, दुसऱ्या शिक्षकांना पर्यवेक्षक करून. ते मुद्दाम बाकांमधून फिरायचे आणि तिच्यापाशी थांबून उत्तरपत्रिकेत डोकवायचे. पहिल्यांदा तिचा हात थबकला. दोन-तीन पेपरांनंतर ती वर बघेनाशी झाली.

यातली एक पायरी बहुतेक मुलं गाळतात, आणि मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. सरावात मुद्दाम अडायचं. मैत्रिणीला सांगायचं की माझ्या कच्च्या प्रकरणांतला एक प्रश्न पेपराच्या सुरुवातीलाच टाक. सुरुवातीलाच डोकं रिकामं झाल्यावर काय करायचं, याचा सराव तसं झाल्याशिवाय होत नाही. ज्या मुलांचे सगळे सराव पेपर सुरळीत जातात, त्यांना पहिला खरा अडथळा बोर्डाच्या पेपरात भेटतो.

तर अडल्यावर काय करायचं? आधी पेन खाली ठेवायचं आणि दोन्ही पाय जमिनीला टेकवायचे. मग श्वास. इथे ‘मोठे मोठे श्वास घे’ हा सल्ला उलटा पडू शकतो. घाबरलेला मुलगा आधीच भराभर श्वास घेत असतो. त्यात आणखी मोठे श्वास घेतले तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, बोटांना मुंग्या येतात, गरगरतं, आणि त्याला वाटतं आता आपण पडणार. म्हणून भर श्वास सोडण्यावर द्यायचा. मनात चार मोजेपर्यंत नाकाने साधाच श्वास घ्यायचा, सहा मोजेपर्यंत हळूहळू सोडायचा. असे सहा श्वास म्हणजे एक मिनिट. सोडण्याचा वेळ लांबला की हृदयाची गती उतरायला मदत होते. हे पेपरात पहिल्यांदा करून जमत नाही. रोज झोपताना आणि प्रत्येक सराव पेपरच्या आधी केलेलं असेल तरच त्या मिनिटाला उपयोग होतो.

त्यानंतर प्रश्नाकडे टक लावून बसायचं नाही. हाताला काम द्यायचं: कच्च्या कामाच्या जागेत आकृती, दिलेल्या राशी, त्यांची एककं, त्या प्रकरणातलं आठवेल ते कुठलंही सूत्र. शेजारची गोष्ट आठवली की तिच्या आधाराने हवी ती गोष्ट पुष्कळदा वर येते. दोन-तीन मिनिटांत हात पुढे सरकला नाही तर पुरेशी जागा सोडायची, प्रश्न क्रमांकाला खूण करायची आणि येणाऱ्या प्रश्नाकडे जायचं, जमल्यास त्याच प्रकरणातल्या. भौतिकशास्त्राच्या पेपराची रचना इथे मदतीला येते. दोन गुणांचे बारा प्रश्न असतात, त्यांतले आठ लिहायचे. तीन गुणांचेही बारांपैकी आठ, चार गुणांचे पाचांपैकी तीन. म्हणजे न येणारे काही प्रश्न सोडून देण्याची सोय पेपरात आधीच आहे. त्या मुलीने पूर्वपरीक्षेत चार गुणांच्या एका प्रश्नावर पाऊण तास घालवला होता. तो ती सरळ सोडू शकली असती, पण ‘हा मला येतो’ म्हणून तिथेच अडून राहिली.

आता परीक्षेच्या सकाळविषयी. कॉर्टिसॉलला चढायला वेळ लागतो हे कळल्यावर दहा ते अकरा हा तास जपायला हवा. केंद्रावर वेळेआधी पोचावं, पण मुलांच्या घोळक्यापासून दूर उभं राहावं. हातात पुस्तक नको, फक्त ती कार्डं. नवं काहीही बघू नये. नवं पाहिलं की ‘हे राहिलंच’ एवढंच मनात ठसतं. ज्यांच्या मनात काळजीचा फार कल्लोळ असतो त्यांनी घरून निघण्याआधी दहा मिनिटं कशाची भीती वाटते ते कागदावर लिहून काढावं आणि कागद फाडून टाकावा. शिकागो विद्यापीठातल्या जेरार्डो रमिरेझ आणि सियान बायलॉक यांच्या २०११ मधल्या प्रयोगांत याचा घाबरणाऱ्या विद्यार्थ्यांना फायदा झाला होता. नंतर सगळ्यांनाच तसा फायदा दिसला नाही, त्यामुळे मी याचा आग्रह धरत नाही. सराव पेपरच्या दिवशी करून पाहावं. बरं वाटलं तर ठेवावं, विचार आणखी वाढले तर सोडावं.

धडधडीला दाबायचा प्रयत्न मात्र करू नये. ‘शांत हो, शांत हो’ असं स्वतःला बजावलं आणि छाती शांत झाली नाही, की आणखी एक भीती वाढते. त्याऐवजी ‘शरीर कामाला तयार होतंय’ असं म्हणावं. ही नुसती समजूत नाही. २०१० मध्ये जेरेमी जेमिसन आणि सहकाऱ्यांनी एका प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांना आधीच सांगितलं, की अशी उत्तेजित अवस्था कामगिरीला मदत करू शकते. गणिताच्या भागात त्यांना इतरांपेक्षा जास्त गुण मिळाले.

वर्गात बसल्यावर बैठक क्रमांक, बारकोडचं स्टिकर, सह्या यांत थोडा वेळ जातो. ही कामं सावकाश करावीत. २०२३ पासून बोर्ड प्रश्नपत्रिका दहा मिनिटं आधी देत नाही, त्याऐवजी शेवटी दहा मिनिटं वाढवून देतं. त्यामुळे पेपर हाती येताच इतरांची पेनं चालू लागतात आणि घाबरणाऱ्या मुलाला आपण मागे पडल्यासारखं वाटतं. शेवटची दहा मिनिटं जादा आहेत, ती आपण इथे वापरतोय, असं धरून चालावं. पहिली दोन मिनिटं घसरगुंडीची सूत्रं, म्हणजे जी नेहमी निसटतात ती, कच्च्या कामाच्या जागेत लिहून ठेवावीत. मग पूर्ण पेपर वाचावा आणि जो प्रश्न अगदी पक्का आहे त्याने सुरुवात करावी. बहुपर्यायी प्रश्नांपासून सुरू करायची पद्धत आहे, पण घाबरणाऱ्यांना मी ती नको म्हणतो. चारही पर्याय सारखेच वाटतात, शंका वाढते, आणि त्या प्रश्नांत पहिल्यांदा लिहिलेलं उत्तरच तपासलं जातं. हात थरथरत असताना ते लिहून टाकू नयेत. एक-दोन पूर्ण उत्तरं लिहून झाली, हात स्थिरावला, की मग तिकडे वळावं.

बोर्डाच्या पेपरातही ती मुलगी अडली. तीन गुणांच्या एका प्रश्नापाशी. नंतर तिने सांगितलं, की सहा श्वास घेतले, आकृती काढली, काहीच सुचलं नाही, जागा सोडून पुढे गेले. जवळपास तासाभराने दुसरं गणित सोडवताना त्याचं सूत्र आठवलं आणि परत येऊन लिहिलं. दोन गुणांचा एक प्रश्न तरीही सुटला. डोकं रिकामं होणं थांबलं नव्हतं. पण पूर्वी तिथे पाऊण तास जायचा, आता तीन मिनिटं गेली.

या पद्धतीने सगळ्यांचं भागत नाही. ज्याला परीक्षेचं नाव काढताच श्वास कोंडतो, वांत्या होतात, जो आठवडेच्या आठवडे नीट झोपत नाही, पेपरला जायचंच टाळतो, किंवा ज्याची भीती परीक्षेपुरती न राहता दिवसभर असते, त्याला समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ हवा. तो दोन महिने आधी गाठावा, आदल्या आठवड्यात नाही, कारण भीतीवरच्या उपचारांना काही आठवडे लागतात. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालू असते. जीव नकोसा झाल्याचं मूल एकदा जरी बोललं, तर ते परीक्षेचं टेन्शन म्हणून सोडून देऊ नये. त्याला एकटं ठेवू नये आणि त्याच दिवशी मदत घ्यावी. धडधड थांबवणाऱ्या गोळ्या मुलं एकमेकांना सुचवतात, त्या डॉक्टरांना न विचारता घेणं धोक्याचं आहे. त्यांतल्या काही दम्याच्या रुग्णाला घातक ठरू शकतात, आणि न येणारं उत्तर त्यांनी येत नाही. रात्रभर जागण्यासाठी चार-पाच कप कॉफी हाही तोट्याचाच व्यवहार आहे. दिवसभरात पाठ केलेलं झोपेत पक्कं होतं, आणि सकाळी धडधडीत भर पडते ती वेगळीच.

घरच्यांना एक गोष्ट करता येते. दोन पेपरांच्या मधल्या संध्याकाळी "किती मिळतील?" असं विचारू नये आणि उत्तरं पडताळत बसू नये. मुलाने जेवून, थोडं पडून घेतल्यावर एका कागदावर एवढंच लिहावं: कुठल्या प्रश्नाला अडलो, किती वेळ गेला, कशाने सुटलं. मग पुढच्या विषयाची कार्डं काढून त्यांतली जी पहिली पायरी न बघता सांगता येत नाही, तेवढीच बाजूला ठेवावी आणि झोपण्याआधी कोऱ्या कागदावर तेवढ्याच लिहाव्यात.